कॅमेरा, टीव्ही बॉक्स, स्मार्ट प्लग सगळे एकाच वायफायवर? आधी हवा मोकळी करा, मग त्यांना वेगळं नेटवर्क द्या

मागच्या महिन्यात भांडुपहून वहिनीचा फोन आला, "भाऊजी, रात्रीचे नऊ वाजले की माझा ऑफिसचा कॉल अडकायला लागतो, सकाळी मात्र काहीच प्रॉब्लेम नसतो, कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, स्पीड बरोबर आहे म्हणतो." तेव्हाच मला वाटलं की हे लाइनचं दुखणं नाही, घरातल्या हवेचं आहे. आता प्रत्येक बिल्डिंगमध्ये हेच चाललंय म्हणून त्यांच्याकडे जे जे केलं ते नीट क्रमाने लिहितोय. राउटरच्या सेटिंगला कधी हात लावला नसेल तरी जमेल असं आहे.

घर टू बीएचके, चौदावा मजला. राउटर हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या खालच्या बंद कप्प्यात. एक कॅमेरा दाराबाहेर पॅसेजमध्ये, एक हॉलमध्ये (आजी दिवसभर एकट्या असतात म्हणून), टीव्हीला स्ट्रीमिंग बॉक्स, तीन स्मार्ट बल्ब, गिझरचा स्मार्ट प्लग, एक स्पीकर, वायफायवाला एसी, आणि वर घरच्यांचे फोन, लॅपटॉप, टॅब. मोजले तर १७ निघाले, आणि त्यातले १३ एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर.

आता हा बँड म्हणजे काय ते थोडक्यात. तुमचा राउटर बहुतेक दोन बँडवर बोलतो, २.४ आणि ५. खालचा २.४ भिंतींमधून बऱ्यापैकी आरपार जातो, लांब पोचतो, पण जागा कमी. आपल्याकडे त्यात चॅनल १ ते १३ दिसतात खरे, पण ते एकमेकांवर चढलेले असतात, एकमेकांच्या अंगावर न येणारे म्हणाल तर १, ६ आणि ११ हे तीनच. अख्ख्या बिल्डिंगने या तिघांतच भागवायचं. ५ च्या बँडमध्ये जागा भरपूर आणि वेग जास्त, पण दोन आरसीसी भिंती मध्ये आल्या की तो दमतो. आणि घरातले कॅमेरे, बल्ब, प्लग बहुतेक फक्त २.४ वरच चालतात कारण आतली चिप स्वस्तातली असते, त्यांना ५ दिसतच नाही.

गर्दी नेमकी कशाने होते हे मात्र नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात. चाळीतला एक नळ आठवा. कोण किती पाणी नेतो यापेक्षा कोण किती वेळ नळ अडवतो हे महत्त्वाचं, बारीक तोंडाची बाटली घेऊन कोणी बसला की मागे हंडेवाले खोळंबतात. राउटरजवळचा कॅमेरा ७२ एमबीपीएसच्या लिंकवर असतो, त्यातले प्रत्यक्षात ४० च्या आसपास मिळतात, त्याला २ एमबीपीएसचा व्हिडिओ पाठवायला हवेतला ५ टक्के वेळ पुरतो. तोच कॅमेरा लोखंडी सेफ्टी डोअरच्या पलीकडे पॅसेजमध्ये लावला की लिंक घसरून ६.५ वर येते, हातात चार-साडेचार उरतात, आणि तेवढ्याच २ एमबीपीएसच्या व्हिडिओला तो जवळपास अर्धा वेळ खातो. व्हिडिओ तोच, कॅमेरा तोच, फक्त जागा बदलली. म्हणूनच "आमचा प्लॅन २०० चा आहे तरी असं का" याचं उत्तर प्लॅनमध्ये सापडत नाही.

वहिनीकडे आणखी एक गोष्ट होती जी मला तिथे बसल्यावर लक्षात आली. पॅसेजचा कॅमेरा हालचाल दिसली की क्लाउडवर क्लिप चढवतो आणि त्याच्या नजरेत लिफ्टचं दार येत होतं. संध्याकाळी सात ते दहा अख्खा मजला घरी येतो, डिलिव्हरीवाले येतात, पोरं खेळतात, म्हणजे कॅमेरा सतत अपलोड करतोय, आणि त्याच वेळी हॉलमध्ये टीव्हीवर सिरीज चालू, ती पण २.४ वरच. सकाळी प्रॉब्लेम नाही आणि रात्री आहे ते यामुळे.

आधी खात्री करून घ्या

काहीही बदलायच्या आधी दोष हवेतच आहे ना ते बघा. लॅपटॉप नेहमीच्या वायफायवर ठेवा, विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि राउटरलाच पिंग करा. पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा असा:

```
ping -t 192.168.1.1
```

मॅकवर `-t` लागत नाही. थांबवायला `Ctrl+C`. हे इंटरनेटपर्यंत जातच नाही, फक्त लॅपटॉप ते राउटर एवढाच प्रवास मोजतं, म्हणून कंपनीच्या लाइनचा यात काही संबंध नाही. चांगल्या वायफायवर `time` समोर २ ते १० च्या आसपास आकडे येतात, मध्येच एखादा ३०-४० आला तर चालतं. वहिनीकडे रात्री नऊ वीसला आले ते ४, ६, १८०, ४१२, मग `Request timed out`, मग परत ५. नंतर लॅपटॉपला केबल लावून तेच केलं तर सलग १ मिलिसेकंद, आणि केबलवरच `ping 8.8.8.8`, म्हणजे बाहेर इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला पिंग केलं तर तेही एकसारखं. म्हणजे राउटरपासून पुढे सगळं ठीक, भानगड हवेत. तुमच्याकडे जर केबलवर राउटर ठीक पण `8.8.8.8` उड्या मारत असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि कंपनीला फोन लावा. हे टेस्टिंग रात्री करा, दुपारी बारा वाजता सगळंच चांगलं दिसतं.

नवीन नाव दिलं म्हणजे गर्दी कमी होत नाही

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. राउटरमध्ये जाऊन गेस्ट नेटवर्क चालू केलं, सगळे गॅजेट तिकडे टाकले, आता रस्ता मोकळा झाला असं वाटतं. पण गेस्ट नेटवर्क त्याच राउटरच्या त्याच रेडिओवर, त्याच चॅनलवर चालतं. नळ एकच, फक्त रांगेला दोन नावं दिली. उलट प्रत्येक नवीन नाव स्वतःची हाळी देत राहतं, सेकंदाला साधारण १० वेळा, तीही सगळ्यात हळू वेगात, आणि एका नावामागे दोनेक टक्के वेळ त्यातच जातो. म्हणून कॅमेऱ्यांना एक, बल्बना एक, पाहुण्यांना एक असं करू नका. घरात दोन नावं पुरेत.

वेगळं नेटवर्क करायचं ते दोन कारणांसाठी. एक, कोण २.४ वर राहणार आणि कोण नाही हे तुमच्या हातात येतं. दोन, सुरक्षा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कंपनीचे मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखांच्या संख्येत ताब्यात घेतले होते आणि त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट काही तास बंद पाडल्या होत्या. ज्या कॅमेऱ्याला तीन वर्षांत एकही अपडेट आलेला नाही तो बँकेचं अॅप असलेल्या फोनच्या शेजारी एकाच नेटवर्कवर असावा असं मला तरी अजिबात वाटत नाही.

तर क्रम असा, आधी ज्यांना २.४ वरून हलवता येतं त्यांना हलवा, मग उरलेल्यांसाठी हवा नीट करा, मग वेगळं नाव.

जे हलवता येतं ते हलवा

सुरुवात टीव्ही बॉक्सपासून. तो राउटरपासून बहुतेक हातभर अंतरावर असतो आणि तरी हवेतून बोलत असतो, हे मला प्रत्येक घरात दिसतं. मागे लॅन पोर्ट असेल तर एक मीटरची केबल लावा, विषय संपला. त्या बॉक्सचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो बऱ्याचदा, पण फोर-केला १५ ते २५ लागतात, त्यामुळे काळजी नको. एचडीएमआयमध्ये खोचायची स्टिक असेल आणि लॅन पोर्ट नसेल तर ती ५ वर टाका. तिच्याबरोबर जी छोटी एचडीएमआयची एक्स्टेंशन वायर मिळते ती लावा, टीव्हीच्या पाठीला चिकटून राहिली की सिग्नल अडतो.

मग फोन, लॅपटॉप, टॅब. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये तोच `192.168.1.1`, लॉगिन स्टिकरवर) वायरलेसच्या सेटिंगमध्ये `Smart Connect` किंवा `Band Steering` असं काही असेल तर ते बंद करा. हे चालू असलं की दोन्ही बँडचं नाव एकच राहतं आणि कोणी कुठे जायचं ते राउटर ठरवतो, बऱ्याचदा चुकीचं ठरवतो. शिवाय नवीन बल्ब किंवा प्लग जोडताना जो अर्धा तास वाया जातो तो पण पुष्कळदा यामुळेच.

आणि राउटर त्या कप्प्यातून बाहेर काढा. वहिनीकडे राउटर युनिटच्या वर, दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात आणला, फायबरची पिवळी वायर जास्त न वाकवता, आणि पॅसेजच्या कॅमेऱ्याचा सिग्नल उणे ७९ वरून उणे ६६ वर आला. उणे ५० म्हणजे झकास, उणे ७० च्या पुढे गेलं की लिंक घसरायला लागते. एवढ्या एका बदलाने कॅमेऱ्याचा नळावरचा वेळ निम्म्याहून खूप खाली आला, तोपर्यंत सेटिंग एकही बदललं नव्हतं. सोबत कॅमेऱ्याच्या अॅपमध्ये मोशन झोन आखून घेतला, फक्त आपलं दार आणि पायपुसणं एवढंच. लिफ्ट गेली, समोरच्यांचं दार पण गेलं, ते तसंही आपल्या कॅमेऱ्यात नसलेलंच बरं.

चॅनल

अँड्रॉइड फोनवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं कुठलंही फुकट अॅप टाका, कोणत्या चॅनलवर किती नावं आहेत ते दिसतं. भांडुपला हॉलमध्ये उभं राहून २३ नावं दिसली, त्यात जोरदार सिग्नलची ९ एकट्या ६ वर, आणि यांचा राउटर पण ६ वरच. म्हणजे कोणी काहीही बघत नसताना नुसत्या हाळ्यांतच पाचवा हिस्सा वेळ संपलेला. ११ वर चारच होती म्हणून `Channel` मध्ये `Auto` काढून ११ टाकलं. `Channel Width` मात्र न विसरता `20 MHz` करा. ४० ठेवलं तर तीनपैकी दोन चॅनलची जागा एकटे तुम्ही अडवता आणि शेजाऱ्यांचा गोंगाट दुप्पट ऐकता. १२ आणि १३ रिकामे दिसतील, मोह होईल, पण बाहेरच्या देशांसाठी बनलेल्या काही गॅजेटना ते चॅनल दिसतच नाहीत. २, ३, ४ वगैरे मधले तर अजिबात नको, दोन्हीकडचा त्रास होतो.

`Mode` मध्ये `b/g/n` असेल आणि `g/n` चा पर्याय असेल तर तो घ्या, बऱ्याच राउटरवर त्याने हाळीचा वेग वाढतो आणि वाया जाणारा वेळ कमी होतो. एखादं फार जुनं यंत्र तुटलं तर परत `b/g/n` करायचं.

आता वेगळं नेटवर्क, आणि जुनं नाव वापरायची युक्ती

नवीन नाव दिलं की आठ-दहा गॅजेट पुन्हा एकेक करून जोडायचे, बल्ब पाच वेळा चालू-बंद करायचा, गिझरच्या प्लगसाठी स्टुलावर चढायचं, या विचारानेच लोक हे काम करत नाहीत. त्याची गरजच नाही. उलट करा, गॅजेटना जुनंच नाव-पासवर्ड राहू द्या आणि घरच्यांना नवीन नाव द्या. फोन आणि लॅपटॉपवर पासवर्ड टाकणं दोन मिनिटांचं काम आहे.

समजा आजवर नाव `Home14` होतं. आधी मुख्य नेटवर्कमध्ये जाऊन ५ चं नाव बदला, `Ghar5G` म्हणा, पासवर्ड नवीन, आणि सेव्ह करा. मुख्य २.४ चं नाव पण बदला, आणि घरात ५ सगळीकडे पोचत असेल तर ते नवीन नाव जाहीर करणंही बंद करा, पण त्याचा रेडिओ बंद करू नका, नाहीतर त्याच्या जोरावर चालणारं गेस्ट पण जाईल. राउटर रीस्टार्ट होऊन शांत झाला की मगच `Guest Network` मध्ये जा, फक्त २.४ चालू करा, नाव `Home14`, पासवर्ड अक्षरन् अक्षर जुना, आणि सिक्युरिटी `WPA2-PSK`. `WPA3` ठेवलं तर निम्मे गॅजेट येणार नाहीत. `Allow guests to access local network` असं काही दिसेल ते बंद ठेवा. पाच मिनिटांत कॅमेरे, बल्ब, एसी आपापले परत येतात, त्यांना वाटतं तेच जुनं घर आहे. मग प्रत्येक फोनवर `Home14` ला `Forget` करा, हे विसरलात तर फोन रात्री गुपचूप परत तिकडे जाऊन बसतो. आणि जुना पासवर्ड जर वॉचमनपासून क्लासच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असेल तर ही युक्ती सोडा, नवीन पासवर्ड ठेवून एक रविवार घालवलेला बरा.

एक कॅमेरा परत आला नाही तर घाबरू नका. गेस्ट नेटवर्कला पुष्कळ राउटर वेगळी आयपी रेंज देतात, आणि कॅमेऱ्यात पूर्वी कोणी पत्ता पक्का करून ठेवला असेल तर तो अधांतरी राहतो. त्याच्या सेटिंगमध्ये आयपी ऑटोमॅटिक केला की येतो.

काय तिकडे टाकायचं नाही तेही सांगतो, कारण इथे लोक चिडून सगळं परत होतं तसं करतात. टीव्ही बॉक्स आणि प्रिंटर मुख्य नेटवर्कवरच ठेवा. फोनवरून टीव्हीवर कास्ट करताना दोघांनी एकमेकांना एकाच नेटवर्कवर शोधायचं असतं, गेस्टमधून ते दिसत नाहीत. कॅमेरे क्लाउडवाले असतील तर अॅपमध्ये पूर्वीसारखेच दिसतात कारण चित्र बाहेरून फिरून येतं, पण घरात रेकॉर्डरची पेटी असेल तर ती आणि कॅमेरे एकाच बाजूला हवेत. पुढे नवीन बल्ब आणलात तर जोडण्यापुरता फोन `Home14` वर न्यायचा, तरीही सापडला नाही तर गेस्टमधलं एकमेकांना दिसू न देणारं सेटिंग दहा मिनिटं बंद करायचं आणि आठवणीने परत चालू करायचं.

झाल्यावर तपासा. फोन `Home14` वर टाकून ब्राउझरमध्ये `192.168.1.1` उघडून बघा. उघडता कामा नये. उघडलं तर नाव वेगळं झालंय, भिंत उभी राहिलेली नाही, ते लोकल नेटवर्कचं सेटिंग परत बघा.

कंपनीच्या राउटरमध्ये गेस्टचा पर्यायच नसेल तर

असं होतं, किंवा पर्याय लपवलेला असतो. मग एक स्वतःचा साधा दोन बँडचा राउटर घ्या, त्याचा `WAN` पोर्ट कंपनीच्या राउटरच्या लॅन पोर्टला केबलने जोडा. पण कोण कुठे जाणार हे लक्षात ठेवा, इथे जाणकार म्हणवणारे पण उलटं करतात. गॅजेट बाहेरच्या, म्हणजे कंपनीच्या राउटरवर, आणि फोन-लॅपटॉप-टीव्ही बॉक्स आतल्या, म्हणजे तुमच्या नवीन राउटरवर. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. गॅजेट आतल्या राउटरवर ठेवले तर त्यांना बाहेरची सगळी यंत्रं उघडी पडतात, म्हणजे खर्च करून उलटाच उद्योग. दोघांचे पत्ते वेगळे हवेत, एक `192.168.1.1` असेल तर दुसरा `192.168.50.1` करा, नाहीतर दोन्ही गोंधळतात. आणि नवीन राउटरचा २.४ चा रेडिओ पूर्ण बंद ठेवा, ५ वर चॅनल ३६ किंवा १४९ द्या. मात्र सिग्नल वाढवणारा वायरलेस रिपीटर घेऊ नका, तो प्रत्येक गोष्ट त्याच चॅनलवर दुसऱ्यांदा बोलून दाखवतो आणि गर्दी दुप्पट करतो.

भांडुपला गेस्टचा पर्याय होता म्हणून एका राउटरवरच भागलं. त्या रात्री साडेनऊला टीव्ही चालू, पॅसेजमध्ये पोरं खेळतायत, वहिनी कॉलवर, आणि पिंग ३, ४, ३, ९, ४. एकच गोष्ट राहिली, मागच्या बेडरूममध्ये ५ चा सिग्नल उणे ७६ येतो, मध्ये बाथरूमची टाइल्सवाली भिंत आहे. तिथे माळ्यावरून १५ मीटरची केबल नेऊन एक छोटा अॅक्सेस पॉइंट लावायचाय, इलेक्ट्रिशियनला शनिवारी बोलावलंय.